अंधारात हात कुठे जातो : पहाटेच्या गॅसगळतीचं एक प्रकरण

दरवर्षी १४ ते २० एप्रिल हा आठवडा अग्निशमन सेवा सप्ताह म्हणून पाळतात. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकीन’ बोटीवर स्फोट झाले आणि आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे साठाहून जास्त जवान परत आले नाहीत. हा आठवडा त्यांच्या स्मरणाचा. आमच्या कॉलेजात राष्ट्रीय सेवा योजनेचं काम माझ्याकडे आहे, त्यामुळे या आठवड्यात एक कार्यक्रम ठेवणं हीसुद्धा माझी जबाबदारी. यंदा मी अग्निशमन दलातून निवृत्त झालेल्या एका अधिकाऱ्यांना बोलावलं. फायरमन म्हणून भरती झाले आणि स्टेशन ऑफिसर म्हणून निवृत्त झाले. मी त्यांना पंधरा मिनिटं दिली होती. ते म्हणाले, “पुष्कळ झाली. एकच घटना सांगीन, पण नीट सांगीन.”

ती घटना आणि तिच्या अनुषंगानं त्यांनी जे दाखवलं ते मी इथं सविस्तर मांडतोय. आमची निम्मी मुलं भाड्याच्या खोल्यांत राहतात, स्वतः रांधून खातात. त्यांच्या रोजच्या जगण्याशी इतकं थेट जोडलेलं काही मी अशा कार्यक्रमात आजवर ऐकलेलं नाही.

भाषण सुरू करण्याआधी त्यांनी तीन मुलांना उठवलं. सभागृहाच्या मागे सामानाची एक खोली आहे, तिला खिडकी नाही. ते म्हणाले, “खोलीत गॅसचा उग्र वास येतोय असं समजा. गॅसचा वास आला तर दिव्याचं बटण दाबायचं नाही, हे माहीत आहे ना?” तिघांनीही मान हलवली. “मग एकेकानं जा आणि आतली एक खुर्ची घेऊन या.” पहिला मुलगा गेला. दाराच्या फटीतून लगेच उजेड दिसला. दुसऱ्याच्या वेळीही दिसला. तिसरी मुलगी मात्र दारात थबकली, मोबाईलची बॅटरी लावली आणि खुर्ची घेऊन आली. कुणीच हसलं नाही. पहिल्या दोघांचे चेहरे पडले होते. सर त्यांना म्हणाले, “बसा बाळांनो. तुमची चूक नाही. तुमच्या हातानं रोजचं काम केलं. आता त्याच हाताची गोष्ट सांगतो.”

काय घडलं

गावाचं नाव त्यांनी सांगितलं नाही, कारण घरमालक अजून त्याच इमारतीत राहतात. जानेवारी महिना, संक्रांत होऊन दोन दिवस झालेले. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, त्यात चार विद्यार्थी. तिघं घरी झोपलेले, चौथा सणाला गावी गेलेला. थंडीमुळे सगळ्या खिडक्या घट्ट लावलेल्या. रात्री अकराच्या सुमारास कुणीतरी चहा केला, शेगडीची कळ बंद केली, पण सिलिंडरवरच्या रेग्युलेटरचं बटण चालूच ठेवलं. “सकाळी उठून परत चहाच करायचाय,” हे त्यामागचं कारण. त्या आठवड्यात रोज असंच चाललं होतं.

शेगडीमागे रबरी नळी ओट्याच्या कडेला दाबली जाऊन वाकली होती. ती खोलीसोबतच आलेली, किती जुनी ते कुणालाच माहीत नव्हतं. शेगडीच्या नोझलवर जिथं ती चढवली होती तिथं तिला बारीक चीर गेली होती. शेगडी बंद असली तरी रेग्युलेटर चालू म्हणजे नळीत गॅसचा दाब कायम. रात्रभर त्या चिरेतून गॅस येत राहिला.

पहाटे सव्वापाचला चौथा मुलगा एसटीनं उतरून घरी आला. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात आईनं दिलेला तिळाच्या लाडवांचा डबा. कुलूप नव्हतं, नुसता लॅच होता. किल्ली फिरवून दार ढकललं आणि वास आला. आत काळोख. दिव्याचं बटण दारातच, उजव्या हाताला.

त्यानं बटणाला हात लावला नाही. डबा आणि पिशवी जिन्यातच ठेवली, दार सताड उघडं ठेवलं आणि भिंतीच्या कडेनं सरळ पुढच्या खोलीच्या बाल्कनीपर्यंत जाऊन ते दार उघडलं. मग परत फिरला आणि झोपलेल्या मित्रांना पायाला धरून हलवत उठवलं. एकजण अर्धवट झोपेत उठला, “काय झालं?” म्हणत भिंतीकडे वळला आणि त्याचा हात पंख्या-दिव्याच्या बोर्डाकडे गेला. यानं त्याचं मनगट धरलं. दुसरा उशाजवळच्या सॉकेटमधून चार्जर उपसायला निघाला होता, कारण मोबाईल सोबत न्यायचा होता. त्यालाही अडवलं. तिघांना बाहेर ढकललं. स्वतः नाकावर मफलर धरून स्वयंपाकघरात दोन पावलं आत गेला, चाचपून रेग्युलेटर शोधला आणि बटण फिरवून बंद केलं. खिडकी उघडली आणि बाहेर पडला. जिना उतरता उतरता शेजारच्या दोन दारांवर हातानं थापा मारल्या, बेल वाजवली नाही. खाली रस्त्यावर आल्यावर १०१ ला फोन केला.

सगळ्याला मिळून तीन मिनिटंही लागली नसावीत. गाडी घेऊन सर स्वतः तिथं पोहोचले. आधी तळमजल्यावरच्या मीटरच्या खोलीतून त्या घराची वीज तोडली. मग दोन जवान गॅस मोजायचं यंत्र घेऊन वर गेले. दारात ठीक होतं. स्वयंपाकघराच्या फरशीलगत, ओट्याखाली यंत्र अजून वाजत होतं. खिडक्या उघडून पंधरा मिनिटं होऊन गेली होती, तरीही.

गॅस तिथं कसा साचला

घरगुती सिलिंडरमधला एलपीजी हवेपेक्षा जड असतो, जवळपास दुप्पट. त्यामुळे तो पाण्यासारखा खाली उतरतो, फरशीवर पसरतो, ओट्याखालच्या कपाटात, कोपऱ्यात, मोरीच्या जाळीत जाऊन बसतो. वरची झडप उघडी असून भागत नाही, दारं आणि खालपर्यंतच्या खिडक्या उघडाव्या लागतात. बाल्कनीचं दार फरशीपर्यंत उघडतं, म्हणून त्या मुलानं आधी ते उघडलं हे फार चांगलं झालं.

हवेत गॅसचं प्रमाण साधारण दोन टक्क्यांवर गेलं की ठिणगी पडताच भडका उडू शकतो. नऊ-दहा टक्क्यांच्या वर गेलं तर हवा कमी पडते आणि तो पेटत नाही, पण खिडकी उघडल्यावर हेच प्रमाण खाली येताना पुन्हा त्या पेटण्याच्या पट्ट्यातून जातं. म्हणून खिडकी उघडली म्हणजे धोका संपला, असं होत नाही. सरांनी फळ्यावर एक हिशेब केला. आठ फूट बाय सात फूट, उंची नऊ फूट असं स्वयंपाकघर म्हणजे साधारण चौदा घनमीटर हवा. तिच्या दोन टक्के म्हणजे २८० लिटरच्या आसपास गॅस. वजनात हे होतं सुमारे सहाशे ग्रॅम. सिलिंडरमध्ये असतो १४.२ किलो. मोठा बर्नर तासाला दीडशे ग्रॅमच्या आसपास जाळतो, म्हणजे चार तासांच्या स्वयंपाकाला लागतो तेवढा गॅस सबंध स्वयंपाकघर स्फोटक करायला पुरे. आणि हा हिशेब गॅस सगळीकडे सारखा पसरला तरचा. तो तर खालीच साचतो, त्यामुळे फरशीजवळ ही वेळ त्याच्या कितीतरी आधी येते.

फ्रीज फरशीवरच उभा असतो, आणि त्याचा कॉम्प्रेसर सुरू किंवा बंद होताना आतल्या संपर्कबिंदूंवर ठिणगी पडू शकते. तो कधी सुरू होईल ते आपल्या हातात नाही. म्हणून वास आलेल्या घरात उभं राहून विचार करायला वेळ नसतो. दिव्याचं बटण दाबतानाही आत अशीच बारीक ठिणगी पडते, मग ते चालू करा किंवा बंद. चालू असलेला दिवा चालूच राहू द्यायचा, बंद असलेला बंदच. पंखा, एक्झॉस्ट, दारावरची बेल, चार्जरची पिन उपसणं, सगळ्यांना हेच लागू. बॅटरी लावून खुर्ची आणणाऱ्या मुलीलाही त्यांनी सांगितलं, की मोबाईलसुद्धा वासाच्या घरात चालू-बंद करू नये, फोन घराबाहेर पडल्यावर.

आत झोपलेल्यांना वास का आला नाही

हा प्रश्न एका मुलीनं विचारला आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटला. एलपीजीला स्वतःचा वास जवळपास नसतोच. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन नावाचं उग्र वासाचं रसायन मुद्दाम मिसळतात, आणि ते इतकं तीव्र असतं की भडका उडण्याच्या प्रमाणाच्या बरंच आधी नाकाला कळतं. पण नाक सरावतं. अगदी हळूहळू वाढणाऱ्या वासात माणूस तासन्‌तास झोपला असेल तर त्याला तो जाणवत नाही. त्या तिघांपैकी एकाचं डोकं दुखत होतं, त्याला वाटलं जागरणामुळे. बाहेरून, स्वच्छ हवेतून आलेल्या चौथ्याला मात्र दार उघडताक्षणी कळलं.

यातून सरांनी मुलांना एक खूण दिली. घरातल्याला वास येत नाही आणि बाहेरून आलेल्याला येतो, तर बाहेरून आलेल्याचं खरं मानायचं. “मला तर काही येत नाही,” असं म्हणून त्याच्याशी वाद घालायचा नाही.

त्या मुलाला हे कसं सुचलं

पहाट उजाडल्यावर सर्वजण खाली कट्ट्यावर बसलेले असताना सरांनी त्याला विचारलं, “तुला हे कुणी शिकवलं?” तो मुलगा गोंधळला. म्हणाला, “सुचलं असं काही नाही साहेब. मी रोज करतो तेच केलं.”

त्याच्या घरी, गावाकडं, आई पहाटे उठली की स्वयंपाकघरात शिरताना आधी मागचं दार उघडते, क्षणभर उभी राहते, मग दिवा लावते. तिच्या सासूची ती पद्धत. गॅस आल्यापासूनची, का चुलीच्या धुराच्या काळापासूनची, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. लहानपणापासून तोही तसंच करायचा, शहरात आल्यावरही. आधी दार, मग दिवा. रात्री झोपताना रेग्युलेटर बंद करायचीही त्याची सवय होती, म्हणून काळोखात ते बटण कुठल्या उंचीवर, कुठल्या बाजूला फिरतं हे त्याच्या बोटांना माहीत होतं. त्या आठवड्यात तो घरी नव्हता, म्हणून ते चालू राहिलं होतं.

त्याच्याच शेजारी बसलेला, ज्याचं मनगट धरलं होतं तो, अभियांत्रिकीचा विद्यार्थी होता. त्याचे शब्द सरांनी जसेच्या तसे सांगितले, आणि ते सांगताना त्यांचा आवाज हळू झाला. “साहेब, मला माहीत होतं हो. गॅस लीक झाला तर स्विच दाबायचा नाही, हे शाळेपासून माहीत आहे. पेपरात आलं तर मी लिहिलं असतं. तरी हात गेला.”

या एका वाक्यासाठी आपण ही घटना सांगायला आलो, असं ते म्हणाले. माणूस घाबरला, किंवा झोपेतून उठला, की डोक्यातली माहिती वर यायला वेळ लागतो. हात तेवढा थांबत नाही, तो रोजचं काम करून मोकळा होतो. अंधाऱ्या खोलीत शिरल्यावर दिवा लावणं ही आपली दिवसातून दहा वेळा घोटलेली सवय आहे, आणि गॅसच्या घरात नेमकी तीच जीव घेते. शांत राहा असं सांगून कुणी शांत होत नाही. पण रोजचंच काम जर सुरक्षित असेल तर घाबरलेला हातसुद्धा सुरक्षित काम करतो.

मग त्यांनी स्वतःच्या कामातलं एक उदाहरण दिलं, आणि मला ते फार पटलं. धुरात शिरताना जवान पाठीवर श्वसनसंच घेतात. सहा लिटरची टाकी, ३०० बार दाबानं भरलेली, म्हणजे साधारण १,८०० लिटर हवा. मिनिटाला चाळीस लिटरच्या हिशेबानं ती पाऊण तास पुरते. घाबरून धापा टाकल्या तर मिनिटाला ऐंशीवर जाते आणि तीच टाकी वीस-बावीस मिनिटांत रिकामी. दाब पन्नास-पंचावन्न बारवर आला की शिट्टी वाजते, आणि शिट्टी ऐकून नवा जवान आणखी जोरात श्वास घ्यायला लागतो. “पहिल्या वर्षी माझंही तसंच व्हायचं,” ते म्हणाले. “यावर एकच उपाय होता. रोज सकाळी हजेरी झाली की संच उचलायचा, दाबमापक बघायचा, पट्टे आवळायचे, मुखवटा चढवून दहा श्वास घ्यायचे. आग असो वा नसो. दोन वर्षांनी धुरात शिरताना तेच दहा श्वास आपोआप यायला लागले.”

जे चुकलं, आणि जिथं तो मुलगाही चुकू शकला असता

सरांनी त्या मुलाचं नुसतं कौतुक करून विषय सोडला नाही. स्वयंपाकघरात जाऊन रेग्युलेटर बंद करणं त्या दिवशी जमलं, कारण दार-बाल्कनी उघडी होती, अंतर दोन पावलांचं होतं आणि हाताला जागा माहीत होती. यातलं एकही नसतं तर आत जायचं नव्हतं. वास डोळे चुरचुरण्याइतका असेल, फुसफुस आवाज येत असेल, किंवा सिलिंडर कुठं आहे हे शोधावं लागणार असेल, तर माणसं बाहेर काढायची, दारं उघडी टाकायची आणि खालून फोन करायचा. आगीसाठी १०१ किंवा ११२, आणि नुसत्या गळतीसाठी गॅसची २४ तासांची मदतवाहिनी १९०६.

एका मुलानं विचारलं, “सर, आग लागलेलीच असेल तर?” त्यांनी सांगितलं की तिथं गोष्ट उलटते. नळीच्या टोकाला ज्योत पेटलेली असेल तर गॅस बंद केल्याशिवाय ती विझवायची नाही. ज्योत विझली आणि गॅस येतच राहिला तर तो खोलीत साचतो आणि दुसऱ्या ठिणगीची वाट बघतो. रेग्युलेटरपर्यंत हात पोहोचत असेल तर हाताला ओलं कापड गुंडाळून ते बंद करायचं, ज्योत आपली आपण जाते. पोहोचत नसेल तर बाहेर यायचं आणि दार ओढून घ्यायचं.

त्या घरात आणखी एक गोष्ट सापडली नाही, ती म्हणजे सिलिंडरचं टोपण. हे सांगताना त्यांनी शर्टाच्या खिशातून पांढरं प्लॅस्टिकचं टोपण काढलं, नायलॉनच्या दोऱ्यासकट, आणि पहिल्या रांगेत फिरवायला दिलं. रेग्युलेटर काढल्यावर सिलिंडरच्या तोंडाशी असलेली पिन नीट बसली नाही तर तिथून गॅस येत राहतो, आणि त्या वेळी हे टोपण दाबून बसवलं की तो थांबतो. मुलं हा दोरा तोडून टोपण फेकून देतात, कारण सिलिंडर बदलताना तो आडवा येतो. त्या पहाटे जवानांनी स्वतःजवळचं टोपण लावून सिलिंडर गच्चीवर नेला.

नळीबद्दल ते थोडक्यात बोलले, पण त्यातली एक पद्धत मी मुद्दाम लिहून घेतली. सिलिंडर बदलला की वाटीभर साबणाचं पाणी करायचं आणि नळीची दोन्ही टोकं व रेग्युलेटरची बैठक त्यानं ओली करायची. फुगे आले की गळती. काडी ओढून तपासायचं नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं, कारण अजून तसं करणारी माणसं त्यांना भेटतात. नळीवर तारीख छापलेली असते, पाच वर्षं झाली की ती बदलायची, दिसायला कितीही चांगली असली तरी.

नंतर

भाषण संपल्यावर सरांनी टाळ्यांसाठी वेळ दिला नाही. त्या तीन मुलांना परत बोलावलं आणि पुन्हा त्याच खोलीत पाठवलं, या वेळी एका बदलासह. दारात पोहोचल्यावर आधी दाराची कडी धरून दार पूर्ण उघडायचं, एक श्वास नाकानं घ्यायचा, मग आत. हे त्यांच्याकडून दहा-दहा वेळा करून घेतलं. सातव्या-आठव्या वेळेनंतर पहिल्या मुलाचा उजवा हात भिंतीकडे जाताना मध्येच थांबू लागला. बघणाऱ्या सगळ्यांना ते स्पष्ट दिसत होतं. सर म्हणाले, “आजपासून महिनाभर रोज घरी शिरताना असंच कर. गॅसचा विचारही करू नकोस.”

पुढच्या आठवड्यात सेवा योजनेच्या गटानं कॉलेजजवळच्या विद्यार्थ्यांच्या खोल्यांमध्ये जाऊन नळ्यांवरच्या तारखा बघितल्या, घरमालकांशी बोलून जुन्या नळ्या बदलायला लावल्या. दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी तिच्या खोलीतली काढलेली नळी कागदात गुंडाळून माझ्याकडे घेऊन आली. छापलेली तारीख पुसली गेली होती, नुसत्या केशरी रंगावर काळपट डाग होते. सरळ धरली तर अखंड दिसत होती. नोझलकडचं टोक तिनं अंगठ्यानं वाकवून दाखवलं, तेव्हा रबर उकललं आणि आत नख शिरेल एवढी भेग दिसली.